चित्र झाकून वाचायला द्या

महोदय,

पहिलीतला माझा नातू ‘झाडावर माकड’ घडाघडा वाचायचा. चित्रावर हात ठेवला तर गप्प! शब्द वाचलाच नव्हता, माकड ओळखलं होतं. मग ग, म, न आणि काना एवढ्यावरच बेतलेल्या ओळी लिहून दिल्या: ‘नाना, गा ना. मामा, गा ना.’ बोट ठेवून जोडत गेला. यमकाची गोडी लागली, पण यमकही फसवतं. तिसरी ओळ ‘मामा, माना ना’ होती. तो ठेक्यात ‘गा ना’च म्हणाला, मग थबकून पुन्हा वाचलं. पुस्तक घेताना मी आता एक पान चाळते. न शिकलेली अक्षरं, जोडाक्षरं जागोजागी दिसली, तर ते पुस्तक मी वाचून दाखवायचं, त्याने नव्हे.

— एक आजी, सातारा