काळी पट्टी पुरेशी नाही : दवाखान्याच्या निर्जंतुकीकरण तपासणीसाठी आवाहन

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील गावकऱ्यांनी चालविलेल्या आमच्या छोट्या दवाखान्याच्या समितीतर्फे हे आवाहन करीत आहोत. दवाखान्यात प्रसूती होतात, जखमांना टाके घातले जातात, गळू फोडले जातात, आणि या सर्व कामांसाठी लागणारी हत्यारे, गॉज व कापड एका उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाते. यंत्र जुने आहे, पण चालू आहे, आणि नवे यंत्र मागण्यासाठी हे आवाहन नाही. यंत्रातून बाहेर आलेला माल खरोखर निर्जंतुक झाला की नाही, हे सिद्ध करण्याचे साधन आमच्याकडे नाही. ते आम्हांला हवे आहे.

आजवर आमचा सगळा भरवसा ऑटोक्लेव्ह टेपवर होता. ही कागदी टेप गाठोड्यावर चिकटवतात आणि आत गेलेल्या वाफेच्या उष्णतेने तिच्यावरील फिकट तिरप्या रेघा काळ्या होतात. टेपचे काम तेवढेच आहे. हे गाठोडे यंत्रात जाऊन आले आहे, ते चुकून कच्च्या मालातून उचललेले नाही, एवढे ती सांगते आणि त्यासाठी ती प्रत्येक गाठोड्यावर हवीच. मात्र ती बाहेरच्या बाजूला असते. गाठोड्याच्या पोटात वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, तिथे हवा अडकून राहिली का, यांपैकी कशाचेही उत्तर तिच्याकडे नसते. टेप काळी आहे म्हणून माल निर्जंतुक आहे, असे आम्हीही अनेक वर्षे समजत होतो.

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करणाऱ्या आमच्या गावच्या मुलीने जैविक निदर्शकाच्या चार कुप्या आणून दिल्या. या कुपीत कागदाच्या छोट्या तुकड्यावर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे सुमारे 10 लाख बीजाणू वाळवलेले असतात आणि शेजारीच काचेच्या नाजूक नळीत जांभळ्या रंगाचे पोषक द्रव असते. हा जिवाणू साधारणतः माणसाला रोग करीत नाही, पण त्याचे बीजाणू वाफेला इतके चिवट असतात की ते मेले तर बाकीचे जंतू मेलेच असे धरता येते. यंत्रातून काढल्यावर कुपी थंड होऊ देतात, आतली नळी दाबून फोडतात आणि कुपी 55 ते 60 अंश सेल्सिअसला उबवतात. एक जरी बीजाणू जिवंत राहिला असेल तर तो वाढू लागतो, द्रव आंबट होते आणि जांभळा रंग पिवळा पडतो. जांभळा राहिला तर माल कसोटीला उतरला, पिवळा झाला तर नाही, इतके ते सरळ आहे.

त्या दिवशी यंत्रात गॉज व गाऊनचा एक मोठा ड्रम आणि हत्यारांची दोन गाठोडी होती. एक कुपी ड्रमच्या अगदी मध्यभागी, दुसरी हत्यारांच्या एका गाठोड्यात आणि तिसरी सर्वांच्या वर ठेवली. चौथी तुलनेसाठी म्हणून मुद्दाम यंत्रात घातलीच नाही. दाबमापकावर 15 पौंड दाब आल्यापासून 15 मिनिटे मोजली. बाहेर काढल्यावर तिन्ही ठिकाणच्या टेपच्या रेघा गडद काळ्या होत्या. चोवीस तासांनी पाहिले तेव्हा वरची व हत्यारांमधली कुपी जांभळी होती आणि ड्रमच्या मधली स्वच्छ पिवळी झाली होती. तो ड्रम उघडलेला नव्हता, त्यामुळे त्यातला गॉज कोणाच्याही जखमेवर गेला नाही. पण त्याआधीच्या महिन्यांत याच रीतीने भरलेल्या ड्रमांचे काय झाले, या प्रश्नाला समितीकडे उत्तर नाही, कारण तेव्हा त्यांच्यात कुपीच ठेवलेली नव्हती. हे लिहिताना आम्हांला अत्यंत वाईट वाटते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ड्रमच्या बाजूला असलेली भोके सरकत्या पट्टीने उघडता-मिटता येतात. ती आत ठेवण्यापूर्वी पूर्ण उघडायची आणि बाहेर काढताच मिटायची असतात. आमच्या ड्रमची पट्टी अर्धीच सरकलेली होती. शिवाय जागा वाचावी म्हणून गॉज हाताने दाबून भरला होता. हवा वाफेपेक्षा जड असते. तिला वाट मिळाली नाही तर ती कापडाच्या घड्यांत व ड्रमच्या तळाशी बसून राहते, आणि जिथे हवा आहे तिथे दाब पुरेसा असला तरी तापमान चढत नाही. यंत्रातली निम्मी हवा तशीच राहिली तर 15 पौंड दाबाला तापमान 121 ऐवजी सुमारे 112 अंशच भरते. दाबमापक मात्र दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो.

पुढच्या फेरीत भोके पूर्ण उघडली, गॉज सैल भरला, ड्रम आडवा ठेवला, म्हणजे भोकांतून हवा खाली निथळून जाईल, आणि वाफेचा सलग झोत काही मिनिटे बाहेर येऊ दिल्यावरच झाकणावरची तोटी बंद केली. मधली कुपी चोवीस तासांनी जांभळी होती आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. अठ्ठेचाळीस तासांनी ती पिवळी झाली. उशिरा पिवळे होणे म्हणजे बहुतेक बीजाणू मेले पण थोडे उरले, आणि त्यांना वाढायला वेळ लागला.

या उरलेल्यांचा हिशेब आमच्या गावाच्या उंचीत दडलेला होता. दाबमापक बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे एवढेच सांगतो. 15 पौंडाला 121 अंश हे कोष्टक समुद्रसपाटीचे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि इथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्यामुळे मापकावर 15 पौंड दिसत असताना आतली शुद्ध वाफ सुमारे 119.6 अंशांवर असते. दीड अंशाने काय बिघडते, असे आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले होते. बिघडते ते असे. समजा कुपीतल्या बीजाणूंची संख्या 121 अंशांना दर 2 मिनिटांत एक दशांश होते. मग 10 लाखांचा एक उरायला 12 मिनिटे लागतात आणि पुढची 3 मिनिटे हाती राहतात. तापमान दीड अंशाने घसरले की तेच काम दर पावणेतीन मिनिटांनी होते आणि 15 मिनिटे संपतात तेव्हा कागदी हिशेबाने तीन-चार बीजाणू शिल्लक असतात. कुपी पिवळी पडायला तेवढे पुरतात.

म्हणून तिसऱ्या फेरीत तंत्रज्ञाकडून यंत्राची व सुरक्षा झडपेची मर्यादा तपासून घेतल्यानंतर दाब साडेसोळा पौंडांवर नेला आणि वेळ 20 मिनिटे केली. हिशेबाने आमच्या उंचीवर सव्वासोळा पौंड पुरतात. त्या फेरीतील ड्रमच्या मधली कुपी अठ्ठेचाळीस तासांनंतरही जांभळीच राहिली. या दोन फेऱ्यांसाठी लागलेल्या कुप्याही त्याच मुलीने मागाहून आणून दिल्या होत्या. तिच्या विभागाकडे आता शिल्लक नाहीत आणि दर वेळी तिच्याकडे मागणे आम्हांला योग्य वाटत नाही.

आता आम्हांला काय हवे ते सांगतो. दर आठवड्याला एक कुपी ड्रमच्या मध्यभागी ठेवायची आणि त्याच बॅचची एक न तापवलेली कुपी सोबत उबवायची, असा नियम समितीने ठरविला आहे. वर्षाच्या 52 आठवड्यांच्या 104 कुप्या होतात. यंत्र दुरुस्त झाल्यावर किंवा एखादी कुपी पिवळी पडल्यावर फेरतपासणी करावी लागेल, तिच्यासाठी 16 धरून एकूण 120 कुप्या लागतील. कुप्यांची मुदत संपते, त्यामुळे त्या एकदम न देता 60-60 अशा दोन हप्त्यांत द्याव्यात.

न तापवलेली कुपी वाया जाते असे कोणाला वाटू नये, म्हणून एक अनुभव नोंदवितो. मध्यंतरी आमच्यापैकी एकाने कुप्या नेऊन एका प्रयोगशाळेतील 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या आणि सगळ्या जांभळ्या राहिल्या म्हणून आनंदाने फोन केला. न तापवलेली कुपीही जांभळीच होती. हा जिवाणू उष्णतेत वाढणारा आहे, 37 अंशांना तो झोपूनच राहतो. ती एक कुपी नसती तर नापास मालाला आम्ही पास म्हटले असते. त्यामुळे 55 ते 60 अंश धरून ठेवणारा, कुप्यांसाठीच बनविलेला छोटा इनक्युबेटर आम्हांला हवा आहे, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जात असल्याने त्याला अठ्ठेचाळीस तास आधार देईल असा इन्व्हर्टरही हवा आहे. वापरलेला पण चालू असलेला चालेल.

कुपीचा निकाल दोन दिवसांनी येतो, प्रसूती मात्र दोन दिवस थांबत नाही. म्हणून प्रत्येक गाठोड्याच्या आत ठेवायच्या पाचव्या प्रकारच्या रासायनिक पट्ट्या, ज्यांना इंटिग्रेटर म्हणतात, त्यांचीही गरज आहे. वेळ, तापमान आणि वाफ या तिन्हींची एकत्र पूर्तता झाली तरच त्यांचा रंग ठरलेल्या खुणेपर्यंत सरकतो. गाठोडे उघडताच सिस्टरला निकाल दिसतो आणि पट्टी खुणेपर्यंत गेली नसेल तर ते गाठोडे बाजूला ठेवता येते. या पट्ट्या कुपीची जागा घेत नाहीत, पण मधल्या दिवसांत त्यांच्याइतका आधार दुसरा नाही. साधी टेप आम्ही स्वतःच्या खर्चाने आणू.

पैसे नकोत, शक्यतो वस्तूच द्याव्यात, अशी विनंती आहे. खरेदीची पावती व कुप्यांसोबत येणारे बॅचचे प्रमाणपत्र वस्तूबरोबर हवे, कारण बीजाणूंची संख्या व त्यांचा चिवटपणा त्यावर छापलेला असतो आणि आमचा सगळा हिशेब त्यावरच चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी वा चिक्कोडीकडील ज्यांचे औषध दुकान किंवा प्रयोगशाळा आहे, त्यांनी घाऊक दरात कुप्या मिळवून दिल्या तरी मोठी मदत होईल.

माणसांचीही गरज आहे. निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी यांपैकी दोघांनी आळीपाळीने आठवड्यातून एकदा येऊन कुपी ठेवणे, फोडणे आणि नोंदवहीत रंग लिहिणे हे काम सहा महिने सांभाळावे, तोपर्यंत आमचे कर्मचारी तयार होतील. गरम कुपी लगेच दाबली तर ती फुटून डोळ्यांत उडू शकते, त्यामुळे हे काम घाईच्या माणसाचे नाही. आमच्या दोन सिस्टर कन्नडभाषक आहेत आणि आया मराठीभाषक आहेत. ड्रम भरण्याची रीत, साडेसोळा पौंडांची खूण आणि कुपी पिवळी पडल्यास काय करावे, हे दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून देणारे कोणी असेल तर तो तक्ता यंत्राशेजारच्या भिंतीवर लावायचा आहे.

कुपी पिवळी पडली तर मागच्या जांभळ्या कुपीपासून त्या दिवसापर्यंतचा न वापरलेला सर्व माल परत घेऊन पुन्हा निर्जंतुक केला जाईल, वापरलेल्या मालाचे रुग्ण नोंदवहीवरून शोधून डॉक्टरांना कळविले जाईल, आणि प्रत्येक आठवड्याचा निकाल, चांगला असो वा वाईट, दवाखान्याच्या दारावरील फळ्यावर लिहिला जाईल, असा ठराव समितीने केला आहे.

वस्तू दवाखान्यात सकाळी 9 ते 12 या वेळेत सिस्टरांकडे द्याव्यात. कुप्या गाडीत उन्हात ठेवू नयेत आणि जंतुनाशकांच्या बाटल्यांसोबत एकाच खोक्यात आणू नयेत.

दवाखाना समितीच्या वतीने, सर्व सदस्य