वॅगनआरचा विमा अजून काकांचाच आहे

पुणे, ११ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काकांकडून घेतलेल्या वॅगनआरबद्दल काल फोनवर बाबा म्हणाले, "विमा गाडीबरोबरच आला, ७ जूनपर्यंत आहे, काळजी नाही." रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहून पाठवते. फोनवर निम्मं तुम्ही ऐकत नाही आणि निम्मं मी विसरते.

गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. मोटार वाहन कायद्याचं १५७ वं कलम तेच सांगतं. म्हणजे आपल्या गाडीने कुणाला इजा झाली, तर भरपाईची सोय आहे. पण आपल्याच गाडीचा चेंदामेंदा झाला, गाडी चोरीला गेली, तर तो भाग, म्हणजे ओन डॅमेज, आपोआप येत नाही. तो कंपनीने मान्य करून पॉलिसीवर बाबांचं नाव चढवल्यावरच लागू होतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये हाच फरक स्पष्ट केला आहे.

माझ्या सेकंडहँड स्कूटरचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. आरसी माझ्या नावावर झाली होती, त्यामुळे सगळं झालं असं समजून मी निवांत होते. सिग्नलला मागून टेम्पो आदळला. सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, आणि आठ दिवसांनी पत्र आलं: अपघाताच्या दिवशी विमा तुमच्या नावावर नव्हता, दावा नामंजूर. ७,४०० रुपये खिशातून गेले. आईला कळलं असतं तर स्कूटरच बंद केली असती, म्हणून गप्प बसले.

तेव्हा बाबा, गाडी ८ तारखेला ताब्यात घेतलीत, तिथपासून १४ दिवस मोजा. म्हणजे २२ तारखेच्या आत विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज कंपनीकडे पोचायला हवा. नवी आरसी हातात येईपर्यंत थांबू नका, आरटीओ त्याच्या गतीने चालतं. आधी अर्ज द्या, आरसी आली की तिची प्रत जोडा.

अर्जासोबत काकांच्या पॉलिसीची प्रत, विक्रीचा कागद, फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, आरटीओची पावती, आरसी, तुमचं आधार, पॅन आणि नवा प्रपोजल फॉर्म लागेल. फॉर्म २९ वर काकांची सही हवी, तो दोन प्रतींत घ्या. काकांचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढावं लागेल, नाहीतर आरटीओतच अडेल. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मात्र घेऊनच या. नुसतं "सांगितलंय हो त्यांना" यावर विसंबू नका.

आता पैशांचं. काकांच्या पॉलिसीत ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट आहे. तो काकांच्या सांभाळून गाडी चालवण्याचा, गाडीचा नव्हे, त्यामुळे तो त्यांच्याकडेच राहतो. कंपनी उरलेल्या महिन्यांची सूट आपल्याकडून परत घेते. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ६,००० आहे, त्याचे ३५ टक्के म्हणजे २,१००, आणि ७ महिन्यांचे १,२२५ रुपये. ट्रान्सफरची किरकोळ फी आणि कर वेगळा.

पण बाबा, मागच्या वर्षी तुम्ही आल्टो विकलीत, तेव्हा तुमचा २५ टक्के बोनस होता ना? तो तीन वर्षं वापरता येतो. जुन्या कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र मागा. ते जोडलंत तर फरक फक्त १० टक्क्यांचा, म्हणजे ७ महिन्यांचे ३५० रुपये. आईच्या निळ्या फाइलीत आल्टोच्या विक्रीचे कागद आहेत, तिसऱ्या कप्प्यात, विजेच्या बिलांच्या मागे.

मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही काकांच्या नावाचं आहे, ते तुमच्या नावाने नवं मागा. त्यासाठी लायसन्स चालू हवं. तुमच्या लायसन्सवरची तारीख एकदा बघाच.

कंपनीचा बदललेला कागद आला की चार गोष्टी नीट वाचा: नाव, पत्ता, इंजिन आणि चासीचा नंबर, आणि बदल कुठल्या तारखेपासून लागू आहे. चासीत एक आकडा चुकला तरी दावा लटकतो.

मी शनिवारी येतेय, तेव्हा अर्ज मीच भरीन. तोवर गाडी घाटात नेऊ नका. आणि आई, बाबा किल्ली मागायला लागले तर ती डब्यात पोळ्यांखाली ठेव.

तुमची,
मनू