चिलर-१ बंद, तरी तुमच्या स्क्रीनवर ७८ टक्के लोडवर

प्रति,
सर्व्हिस विभागप्रमुख

विषय : रत्नागिरीजवळच्या आमच्या हॉटेलातल्या बीएमएसवर दोन चिलर एकाच डिव्हाइस क्रमांकावर. तक्रार चौथ्यांदा.

आज सकाळी तुमच्या सपोर्टवाल्याने फोन ठेवला, त्यानंतर पंधरा मिनिटांत हे पत्र लिहायला बसलो. आधीच्या तीन तक्रारींची तिकिटं तुमच्याकडे ‘सोडवली’ म्हणून बंद झालेली आहेत. कोणी सोडवली, देव जाणे.

शनिवारी हॉलमध्ये लग्न होतं. दुपारी वीज गेली, आली, परत गेली. पावसाळ्यात आमच्याकडे हे रोजचंच. दुसऱ्यांदा आली तेव्हा चिलर-१ फेज फॉल्टवर ट्रिप होऊन बसला. स्क्रीनवर मात्र दोन्ही चिलर चालू, अलार्म एकही नाही. हॉलच्या एएचयूची सप्लाय हवा २० अंशांखाली उतरेना. वधूचे काका मला विचारत होते, “अहो, एसी लावलाय की नुसता आवाज?” शेवटी आमचा मुलगा छत्री घेऊन गच्चीवर गेला, तेव्हा कळलं की एक चिलर दीड तास थंड पडलाय.

दुसऱ्या दिवशी मी चिलर-१चा मेन आयसोलेटर स्वतः खाली ओढला. पॅनेलचा डिस्प्लेही विझला. खाली येऊन पाहतो तर चिलर-१च्या पानावर ‘रनिंग’, लोड ७८ टक्के, पाणी ६.९ अंश. चिलर-२चं पान उघडलं, तर तिथेही ७८ आणि ६.९. दशांशापर्यंत जुळे भाऊ! चिलर-१चा एनर्जी मीटर मात्र शून्य किलोवॉट दाखवत होता. त्या अख्ख्या यंत्रणेत खरं बोलणारा तो एकटाच.

हे फोनवर सांगितलं तर तुमचा माणूस म्हणाला, “सर, मीटरची सीटी लूज असेल. आणि कोकणात खारी हवा असते ना, सेन्सर गंजतात.” मी म्हटलं, “अहो, ज्या चिलरला वीजच नाही, त्याचा गंजलेला सेन्सर ६.९ कसा सांगेल?” त्यावर पाच मिनिटं होल्डवरचं संगीत. बासरी होती. मग, “सर, सिस्टीम रिस्टार्ट करून बघा.”

तेव्हा मी दोन्ही चिलर चालू ठेवून लॅपटॉप त्याच स्विचला लावला आणि ४७८०८ पोर्टवरची वाहतूक पकडली. हू-इज विचारल्यावर हे आलं :

```
192.168.10.21   i-Am device,1001
192.168.10.22   i-Am device,1001
```

हे वाचून दाखवलं तर उत्तर काय? “आयपी वेगळे आहेत ना सर, मग झालं.”

नाही झालं. बॅकनेटमध्ये सर्व्हर उपकरण ओळखतो ते डिव्हाइस क्रमांकावरून. आयपी फक्त तिथवर पोचायचा रस्ता. एएचयूंच्या एमएस/टीपी लाइनवर मॅक पत्ता त्या लाइनीपुरता वेगळा असला की पुरतं, पण डिव्हाइस क्रमांक साऱ्या नेटवर्कमध्ये एकमेव लागतो. दोघांनी ‘मीच १००१’ म्हटलं की तुमचा सर्व्हर ज्याचं शेवटी ऐकतो त्याचा पत्ता धरून बसतो. वीज गेली-आली की दोन्ही पॅनेल पुन्हा ओरडतात आणि पत्ता बदलतो. म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही. आणि दोन्ही चिलर एकाच मॉडेलचे, त्यामुळे ऑब्जेक्टही तेच. सर्व्हरला चूक कळायला वावच नाही.

मूळ तुमच्याच पॉइंट लिस्टमध्ये आहे. चिलर-१च्या ४२ ओळी जशाच्या तशा खाली चिकटवल्यात. नावात ‘२’ केलंय, डिव्हाइसच्या रकान्यात १००१ तसंच. कमिशनिंगच्या कागदावर मात्र ८४ पॉइंटांपुढे ८४ टिका! एक चिलर बंद करून दोन्ही चिलरची पानं पाहिली असती तर पहिल्याच पॉइंटला हे सापडलं असतं. ० ते ४१९४३०२ एवढे आकडे वापरायला मोकळे असताना तुम्हाला १००२ सुचू नये, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. रागावत नाहीये. आश्चर्य वाटतंय.

येत्या शुक्रवारपर्यंत माणूस पाठवा. चिलर-२चा क्रमांक पॅनेलवर बदलून पॅनेल रिस्टार्ट करायचं, त्याचे ४२ पॉइंट सर्व्हरवर नव्याने जोडायचे आणि प्रत्येक पॉइंट एकेक चिलर बंद ठेवून माझ्यासमोर तपासायचा. ११ एएचयू आणि मीटरच्या गेटवेचे क्रमांकही त्याच दिवशी तपासा. एकदा कॉपी-पेस्ट करणारा एकदाच थांबला असेल यावर माझा विश्वास नाही. सुधारलेली पॉइंट लिस्ट सहीसकट हवी.

तोवर एएमसीचा दुसरा हप्ता थांबवला आहे. शुक्रवार उलटला तर पुढचं पत्र आमच्या वकिलांकडून येईल. आणि येणाऱ्या माणसाला कृपया सांगून ठेवा, ‘आयपी वेगळे आहेत ना’ हे वाक्य त्याने गेटबाहेरच सोडून यावं.

मुख्य अभियंता,
देखभाल विभाग