मात्सुयामाहून ताईला: सतरा ठोक्यांची गोष्ट

मात्सुयामा,
12 ऑक्टोबर

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

दहावीच्या सुट्टीत तू स्वयंपाकघरात बसून मला लघु-गुरू शिकवले होतेस, आठवतं का? पाटीवर अक्षरांच्या डोक्यावर चंद्रकोरी आणि आडव्या रेघा काढायचो आपण. ते इतक्या वर्षांनी, इतक्या लांब उपयोगी पडलं. म्हणून हे पत्र सगळ्यात आधी तुला.

जपानातलं हे मात्सुयामा म्हणजे कवी मासाओका शिकी यांचं गाव. ते इथे 1867 साली जन्मले आणि 'हायकू' हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्यामुळे गावभर हायकू टाकायच्या पेट्या आहेत. किल्ल्यावर आहेत, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी आहेत, ट्रामगाडीतसुद्धा आहेत. कुणीही चिठ्ठी लिहावी आणि टाकावी. मला सुहाससाठी एक लिहावंसं वाटलं. इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा साताऱ्यात साडेसहा झालेले असतात. तो कामावरून येऊन चहा पीत असतो आणि आम्ही फोनवर बोलतो. बोलणं संपलं तरी फोन तसाच चालू राहतो. मग त्याने कप खाली ठेवल्याचा 'टक्' असा आवाज येतो. मला तेवढंच लिहायचं होतं.

हायकूच्या तीन ओळी पाच-सात-पाच अशा असतात एवढं माहीत होतं. मी देवनागरीत लिहून अक्षरं मोजली:

आइशितेरु
देन्वा नो मुको कारा
चावान्नो ओतो

म्हणजे 'प्रेम आहे तुझ्यावर, फोनच्या पलीकडून, कपाचा आवाज'. पाच, सात, पाच. खूश होऊन ती चिठ्ठी मी आमच्या शनिवारच्या हायकू मंडळात नेली. तिथल्या एक सत्तरीच्या बाई मला शिकवतात. त्यांनी पंजा उघडला आणि माझं हायकू हळू म्हणत अंगठ्यापासून एकेक बोट मिटायला सुरुवात केली. पहिली ओळ पाच बोटांत बसली. दुसऱ्या ओळीला बोटं संपली, मिटलेली परत उघडावी लागली, आणि त्या नऊवर थांबल्या. तिसरी सहा. माझ्या सतराचे वीस झाले होते!

मोजणीत चूक नव्हती, मोजायची वस्तूच वेगळी होती. जपानीत अक्षर मोजत नाहीत, ठोका मोजतात. त्याला 'हाकु' म्हणतात. 'देन्वा' म्हणजे फोन. आपण लिहिताना त्यातला न् जोडाक्षरात जातो आणि दोनच अक्षरं दिसतात, पण त्यांच्या कानाला तो न् पूर्ण एक ठोका असतो: दे, न्, वा. 'मुकोऽ' मधला लांब स्वर दोन ठोके घेतो. मी तो 'को' म्हणून एकात उरकला होता.

घरी येताना ट्राममध्ये एकदम तुझी पाटी डोळ्यांपुढे आली. 'जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा!' दे पुढे न्वा आलं, म्हणून दे गुरू, दोन मात्रा, आणि वा ची एक. एकूण तीन. अगदी बाईंची तीन बोटं! तोक्यो शहराचं नाव खरं तर 'तोऽक्योऽ' आहे, दोन आणि दोन चार मात्रा, आणि जपानी माणूसही चारच ठोके मोजतो. म्हणजे मला अक्षरगणवृत्त नको होतं, मात्रावृत्त हवं होतं.

दोन ठिकाणी मात्र जपून राहावं लागतं. एक म्हणजे आपण काना देऊन लिहितो म्हणून तो दीर्घ होत नाही. 'नागाकि' मध्ये तीन ठोकेच आहेत. तेव्हा लिहिलेलं पाहून नाही, कानाने ऐकून मोजायचं. दुसरं, पाहुण्याला 'ओक्याकु' म्हणतात. तुझ्या नियमाने क्या आधीचा ओ गुरू व्हायला हवा, पण तिथे ओ वर आघातच येत नाही, म्हणून तीनच ठोके. आणि हेही तूच शिकवलं होतंस: 'तुझ्या' या शब्दात झ्या जोडाक्षर असूनही तु लघूच राहतो. हे आठवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की माझा थांबा मागे गेला.

मग दुरुस्तीला बसले. ठोके जास्त झालेले चालतात, त्याला 'जिआमारि' म्हणतात, पण मधली ओळ आठची झाली तरी मंडळात भुवया उंचावतात. माझी तर नऊची होती. 'कारा' म्हणजे 'कडून'. ते काढलं की 'देन्वा नो मुकोऽ' उरतं: दे, न्, वा, नो, मु, को, ऽ. सात! अर्थ काहीच गेला नाही, कारण आवाज पलीकडूनच येणार ना.

तिसऱ्या ओळीत 'चावान्नो ओतो', 'कपाचा आवाज', एका ठोक्याने जास्त होती. तिथे आवाजाऐवजी कृती घेतली: 'चावान् ओकु', 'कप ठेवतो'. पाच झाले. आवाज हा शब्द गेला आणि तरी आवाज जास्त ऐकू यायला लागला. फक्त म्हणताना मी घाईत 'चावानोकु' म्हणत होते, मग चारच भरतात. न् ला ओ पासून वेगळा ठेवून, त्यावर जरा थांबून म्हणावं लागतं. बाईंनी ते माझ्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं.

त्यांनीच पुढे विचारलं, "हे जेवत होते का?" कारण आजकाल नुसतं 'चावान्' म्हटलं की आधी भाताचा वाडगा डोळ्यांपुढे येतो. चहाच्या पेल्याला 'युनोमि' म्हणतात. युनोमि ओकु: यु, नो, मि, ओ, कु. तेही पाचच. युनोमीला कान नसतो आणि सुहासच्या कपाला आहे, बशीही आहे, पण भातापेक्षा हे खऱ्याच्या जवळ.

सगळ्यात जड गेली पहिली ओळ. 'आइशितेरु' बरोब्बर पाच ठोक्यांची आहे, ती बदलायचं मोजणीच्या दृष्टीने काही कारण नव्हतं. बाई म्हणाल्या, "सतरातले पाच तुम्ही सांगण्यात घालवले. पेला ठेवल्याचं ज्याला ऐकू येतं, त्याला ते कळलेलंच आहे." शिवाय त्यात ऋतू नव्हता, आणि त्यांच्याकडे हायकूत ऋतूचा शब्द लागतो. ऋतुशब्दांचा कोश असतो, 'साइजिकि'. त्यात शरदाखाली लांब रात्र सापडली. नुसतं 'योनागा या' चार ठोक्यांचं, एकाने कमी. जुन्या वळणाचं 'नागाकि यो या' मात्र पाच. शेवटचा 'या' म्हणजे तिथे श्वास तोडायचा.

नागाकि यो या
देन्वा नो मुकोऽ
युनोमि ओकु

यात 'तू' नाही, 'मी' नाही, प्रेम हा शब्द नाही. जपानीत कर्ता गाळला तरी वाक्य मोडत नाही, म्हणून हे जमलं. मराठीत ठेवतो-ठेवते करावंच लागतं. तरी मी प्रयत्न केलाय:

लांबली रात
फोनच्या पलीकडे
ठेवला कप

अक्षरं पाच-सात-पाच आहेत. पण 'रात' आणि 'कप' बोलताना एकेकच ऐकू येतात, मग ते दोन धरायचे की एक, हे तूच सांग. कागदावर चिन्हं काढून फोटो पाठव. सुहासला अजून वाचून दाखवलेलं नाही. उद्या दोगोच्या पेटीत चिठ्ठी टाकते आणि रात्री त्याचा चहा झाल्यावर सांगते.

आई-बाबांना नमस्कार, चिनूला पापा.

तुझी,
मंजू