तीस लाख देणार, पन्नास लाख मागणार

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात 'लाखाच्या घरात विद्यावेतन, तरी संप?' हे वाचकपत्र छापलेत. निवासी डॉक्टरांना लाखाच्या घरात विद्यावेतन मिळते, पीएचडी करणाऱ्यांना त्याहून कमी, मग हे डॉक्टर संप का करतात, असा त्याचा सूर होता. पत्रलेखकांचे गणित कच्चे दिसते. मी बँकेत 34 वर्षे कॅशियर होतो, त्यामुळे तेवढे करून पाहिले.

माझी मुलगी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची जेआर-टू, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. वय 27. हातात साधारण 85 हजार येतात, म्हणजे येतात तेव्हा. गेल्या वर्षी तीन महिने काहीच आले नाही आणि मग एकदम आले. मधल्या काळात मेसचे पैसे मीच पाठवले. 'अनुदान आलेले नाही' हे उत्तर क्लार्ककडून तिने इतक्या वेळा ऐकले की शेवटी तीच मला त्याच सुरात ऐकवू लागली.

परवा तिला आठवड्याचे तास विचारून कागदावर मांडले. सोमवारी युनिटची इमर्जन्सी: सकाळी 8 ला गेली ती मंगळवारी संध्याकाळी 6 ला सुटली. 34 तास. शुक्रवार-शनिवार तसेच, आणखी 34. बुधवार आणि गुरुवार ओपीडी व वॉर्ड धरून 12-12. रविवारी 'फक्त राउंड', 4 तास. एकूण 96. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला 48 तास लिहिलेले आहेत, बरोबर निम्मे. महिन्याचे साधारण 415 तास झाले, म्हणजे ताशी 205 रुपये. माझा पुतण्या तिच्याच वयाचा, हिंजवडीत संगणकावर बसतो. तो लाखभर घेतो, पण आठवड्याला 45 तासांचे. ताशी 500 च्या वर गेला. शिवाय त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो. हिचे विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे, म्हणून निधी नाही आणि तीन वर्षे सेवेतही धरत नाहीत.

पीएचडी करणाऱ्यांना कमी मिळते हे पत्रलेखकांचे म्हणणे खरे आहे. जेआरएफ या संशोधन छात्रवृत्तीत 37 हजार आणि घरभाडे, तेही उशिरा. त्या मुलांवरही अन्यायच आहे. पण त्यांच्या प्रयोगशाळेत रात्री तीन वाजता कोणी नातेवाईक खुर्ची उचलून अंगावर येत नाही.

आता पत्रलेखकांनी ज्याचा उल्लेखच टाळला तो बाँड. पदव्युत्तर शिक्षणानंतर एक वर्ष शासनाची सेवा, नाहीतर 50 लाख रुपये. मी जामीनदार म्हणून सही केली आहे, तेव्हा आकडा मला पाठ आहे. 85 हजार गुणिले 36 महिने, म्हणजे 30 लाख 60 हजार. तीन वर्षांत सरकार तिला एवढे देणार, आणि एक वर्ष दिले नाही तर त्याच्या दीडपटीहून जास्त मागणार! आमच्या बँकेने असे कर्ज दिले असते तर तुम्हीच अग्रलेख लिहिला असता.

सेवेला तिची ना नाही. एमबीबीएसनंतरचे बाँडचे वर्ष (तिथे दंड 10 लाख) तिने एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. सर्पदंशावरची इंजेक्शने संपलेली असताना काय करायचे ते ती तिथे शिकली. तक्रार वेगळी आहे. तिच्या वर्षभर पुढची एक मुलगी निकालानंतर चार महिने नियुक्तीच्या आदेशाची वाट पाहत घरी बसली. जागा मिळत नाही, मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाच्या कपाटात, म्हणून दुसरीकडे नोकरीही धरता येत नाही. ते चार महिने बाँडमध्ये धरले नाहीत. पगार अर्थातच शून्य. पुढे सुपरस्पेशालिटी केली की पुन्हा एक वर्ष, आणि तिथला दंड 2 कोटी. सेवा हवी असेल तर निकालाच्या दिवशी आदेश हातात द्या, ही मागणी फार मोठी आहे का?

फेब्रुवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने विद्यावेतनात 10 हजारांची वाढ मंजूर केली, तीही संपाची वेळ आल्यावरच.

जाता जाता एक. आपल्या वृत्तपत्रात रुग्ण दगावला की 'शिकाऊ डॉक्टरांचा हलगर्जीपणा' असा मथळा असतो आणि संप झाला की 'डॉक्टर रुग्णांना वाऱ्यावर सोडून गेले'. ती शिकाऊ आहे की डॉक्टर, हे एकदा संपादकीय बैठकीत ठरवून घ्यावे. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे दोन आठवडे चुकीच्या उत्तरांसह येते आहे, तेही त्याच बैठकीत बघता आले तर बरे.

आपला,
एक निवृत्त कॅशियर

ता. क. नाव आणि गाव कृपया छापू नये. मुलीच्या प्रबंधावर विभागप्रमुखांची सही व्हायची आहे.