निपाणीच्या मित्रास, त्या रेषेबद्दल

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस की महाधमनीचं आतलं अस्तर फाटून सीटीवर तिच्यात दोन पोकळ्या दिसल्या तर मूळची खरी कुठली नि भिंतीत रक्त शिरून झालेली खोटी कुठली हे कसं ओळखायचं, ड्युटीत नीट सांगता आलं नाही म्हणून आता बेळगावातनं सविस्तर लिहितोय.

परवा खानापूरकडचा एक शेतकरी आला, पन्नाशीचा, बीपीच्या गोळ्या बंद केलेल्या, पाठीत फाटल्यासारखी कळ आणि ईसीजी नॉर्मल. कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी साधा स्कॅन घेतला तर उतरत्या महाधमनीत कॅल्शियमचा पांढरा ठिपका कडेला नव्हता, चांगला आत सरकलेला. कॅल्शियम आतल्या अस्तरात साठतं ना, मग ते आत आलंय म्हणजे अस्तरच सुटून आत आलंय. कॉन्ट्रास्टनंतर सुटलेल्या अस्तराचा पडदा, म्हणजे फ्लॅप, दिसलाच, डाव्या हाताच्या धमनीच्या जरा पुढनं सुरू होऊन खाली पोटापर्यंत.

आता पोकळी ओळखायची तर मी आधी जिथं महाधमनी धड आहे तिथं जातो आणि स्लाइसमागून स्लाइस खाली येतो, त्या धड भागाशी जी सलग जोडलेली राहते ती खरी. ह्याच्यात ती लहान, दबलेली आणि लख्ख होती. खोटी मोठी, फिकट, आणि फ्लॅप जिथं बाहेरच्या भिंतीला मिळतो तिथं तिचा कोपरा चोचीसारखा टोकदार, ह्या चोचीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. नुसत्या आकारावर किंवा उजेडावर जाऊ नकोस बघ, खोटीत रक्त हळू भरतं, त्यामुळं पहिल्या फेरीत न भरलेला भाग गुठळीसारखा वाटतो, थोड्या वेळानं परत स्कॅन केला की कळतं.

खरी भीती वेगळ्याच ठिकाणी होती. हृदयाजवळ, चढत्या महाधमनीच्या बुडाशीही एक पुसट रेषा दिसत होती, आणि ती खरी असती तर फाट चढत्या भागातही, म्हणजे हा टाइप ए, तातडीनं छाती उघडायची. पण रेषा दोन-तीन स्लाइसमध्येच, डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या कडेला, आणि शेजारच्या फुफ्फुसधमनीच्या कडेलाही तसलीच दुहेरी सावली. हृदयाच्या ठोक्यानं भिंत हलल्यावर हेच होतं. तरी मनाला पटेना, मग ईसीजी गेटिंग लावून, म्हणजे ठोक्याच्या ठरावीक क्षणाशी स्कॅन जुळवून, तेवढाच भाग परत घेतला आणि रेषा गायब! चढता भाग धड, म्हणजे टाइप बी ठरला.

मग एकेक फांदी बघितली, आतड्याची धमनी खरीतनं निघालेली, डावी किडनी मात्र खोटीतनं, आणि ती उजवीपेक्षा फिकट. रिपोर्टात हे पहिल्याच ओळीत घातलं आणि व्हॅस्क्युलर सर्जनला स्वतः फोन केला, कारण नुसता टाइप बी बीपी आणि नाडी खाली आणून सांभाळता येतो, पण किडनीला रक्त कमी पडतंय तर स्टेंटचा विचार लगेच करायला लागतो.

तुझ्याकडं गेटिंग नाही, तर अशी रेषा दिसली की पेशंट अडवून ठेवू नकोस, बीपी आवरून इकडं पाठव आणि साध्या स्कॅनची सीडी पण बरोबर दे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बेळगावचा दोस्त