रोख्याचा भाव पडला म्हणजे व्याज बुडाले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात अर्थविषयक पानावर आलेला रोख्यांवरचा लेख दोनदा वाचला आणि आज लिहायला बसलो. लेखाच्या सुरुवातीला म्हटले आहे की व्याजदर वाढले तर रोखेधारकांना जास्त व्याज मिळेल. त्याच लेखाखालच्या चौकटीत सल्ला आहे की व्याजदर वाढले तर रोखे कोसळतात, म्हणून वेळीच बाहेर पडा. पहिले विधान साफ चुकीचे आहे. दुसरे अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे जास्त घातक. दोन्ही एकाच पानावर छापताना कुणालाच काही खटकले नाही, याचे वाईट वाटले.

सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात माझी नोकरी झाली. दर मार्चअखेरीस एखादे तरी संचालक विचारायचे की रोखे सरकारचे, बुडणार नाहीत, मग ताळेबंदात तोटा कसा दिसतो? त्यांना समजावून सांगणे हे माझे कामच होते. पण आपला लेख वाचून मला आठवल्या त्या माझ्या मिरजेच्या वहिनी.

भाऊ गेल्यानंतर आलेल्या पैशांतून वहिनींनी २०२२ च्या जानेवारीत पाच लाख रुपये दर्शनी किमतीचे सरकारी रोखे घेतले. सामान्य माणसाला सरकारी रोखे थेट घेता यावेत यासाठीची रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सोय तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. भाच्याने खाते उघडून दिले आणि त्यातून ६.५४ टक्के, २०३२ हा दहा वर्षांचा रोखा जवळपास शंभराच्या भावाने मिळाला. दर १७ जुलैला आणि १७ जानेवारीला प्रत्येक शंभरामागे ३ रुपये २७ पैसे, आणि १७ जानेवारी २०३२ ला मुद्दल परत. हे ६.५४ म्हणजे कूपन. लिलावाच्या दिवशी ते ठरले आणि रोखा संपेपर्यंत ते बदलत नाही. पुढे रिझर्व्ह बँक काहीही करो, वहिनींना वर्षाला ३२,७०० रुपयेच मिळणार होते. एक रुपया जास्त नाही, एक रुपया कमी नाही. आपल्या लेखातले पहिले विधान इथेच निकालात निघते.

मग ४ मे २०२२ उजाडला. ठरलेली बैठक नसताना रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला आणि जूनमध्ये तो ४.९० केला. बाजार तर त्याच्याही आधी हलला होता. एप्रिलमध्ये रेपो दर ४ टक्क्यांवरच होता, तरी दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने घेणाऱ्याला वर्षाला पडणारा दर, ७ टक्क्यांच्या वर गेला होता, कारण पुढे काय होणार याचा अंदाज घेऊनच रोख्यांचे व्यवहार होतात. जूनमध्ये तो साडेसातच्या आसपास पोहोचला. त्या दिवसांत एका दैनिकाने पहिल्या पानावर छापले की सरकारी रोखे कोसळले. बातमीत ना भावाचा आकडा होता, ना कूपनचा. वहिनी घाबरल्या. मला फोन न करता, भाच्याला सांगून त्यांनी सगळे रोखे विकले आणि आलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले. ठेवीचा दर होता साधारण सहा टक्के.

आता भाव का पडला ते बघा. सगळा हिशेब शंभर रुपये दर्शनी किमतीच्या फक्त एका रोख्याचा आहे. आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून १७ जुलै २०२२ चे व्याज हाती आल्यानंतरचा दिवस धरतो आणि बाजारातला परतावा साडेसात टक्के धरतो. त्या दिवशी ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत, त्याला तितक्याच मुदतीची आणि तितकीच खात्रीची गुंतवणूक दर सहामाहीला ३ रुपये ७५ पैसे देते. वहिनींचा रोखा देतो ३ रुपये २७ पैसे. म्हणजे दर सहामाहीला ४८ पैसे कमी, आणि अशा १९ सहामाह्या बाकी आहेत. एकूण कमतरता झाली ९ रुपये १२ पैसे. पण हे ४८ पैसे आज एकदम जात नाहीत, पुढच्या साडेनऊ वर्षांत थोडेथोडे जातात. म्हणून साडेसात टक्के दराने त्यांची आजची किंमत काढली की ६ रुपये ४४ पैसे येते. घेणारा तेवढेच कापून मागतो आणि रोख्याचा भाव ९३ रुपये ५६ पैसे होतो. सरकारची पत तिळभरही कमी झालेली नाही. कुणी काही बुडवलेले नाही. कूपन बदलता येत नाही, म्हणून भाव बदलतो. दर वाढले की भाव खाली जातो तो एवढ्याच कारणाने.

मुदत जितकी लांब तितका हा फटका मोठा, हेही आपल्या लेखात कुठे नाही. त्याच कूपनचा रोखा एका वर्षात संपणार असेल, तर ४८ पैशांची कमतरता फक्त दोनदा येते आणि भाव ९९ रुपयांच्या वरच राहतो. तोच रोखा तीस वर्षांचा असेल तर भाव सुमारे ८८ रुपये ६१ पैशांवर येतो. त्यामुळे सरसकट ‘रोखे कोसळतात’ असे लिहिण्याआधी कोणते रोखे, किती मुदतीचे, हे सांगायला हवे.

आणि परतावा? वहिनींचा रोखा ९३.५६ ला जो विकत घेईल, त्यालाही वर्षाला ६ रुपये ५४ पैसेच मिळणार. त्याने घातलेल्या पैशांवर ते ६.९९ टक्के पडतात. याला चालू परतावा म्हणतात. पण हिशेब तिथे संपत नाही. २०३२ मध्ये त्याला ९३.५६ नव्हे, पूर्ण शंभर मिळणार आहेत. ते वरचे ६ रुपये ४४ पैसेही हिशेबात घेतले की मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा बरोबर ७.५ टक्के येतो. एकाच रोख्याचे एकाच दिवशी तीन आकडे आहेत, ६.५४, ६.९९ आणि ७.५. पहिला रोख्याच्या नावातच असतो आणि कधी हलत नाही. उरलेले दोन भावाप्रमाणे रोज हलतात. आपल्या लेखात या तिन्हींना नुसते ‘व्याज’ म्हटले आहे. वाचकाने काय समजायचे?

वहिनींचे नुकसान नेमके कुठे झाले ते आता सांगतो, कारण आपल्या चौकटीतल्या सल्ल्याने आणखी कुणाचे तरी तसेच होणार आहे. वरच्या भावाने त्यांच्या पाच लाखांचे ४,६७,८०० रुपये आले. ते सहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवल्यावर वर्षाचे व्याज २८,०६८ रुपये, आणि मुदत संपल्यावर परत मिळणार तेच ४,६७,८००. रोखे तसेच ठेवले असते तर वर्षाला ३२,७०० आणि शेवटी पूर्ण पाच लाख मिळाले असते. प्राप्तिकर दोन्हीकडच्या व्याजावर लागतो, म्हणून तो या तुलनेत धरलेला नाही. दरवर्षी साडेचार हजारांवर कमी आणि मुद्दलातही ३२,२०० कमी. भाव पडल्यामुळे त्या दिवशी तो रोखा ७.५ टक्के देणारी वस्तू झाला होता. ती विकून त्यांनी ६ टक्क्यांची वस्तू घेतली. ज्याने त्यांच्याकडून विकत घेतली, त्याला हे पक्के ठाऊक होते.

त्याच पैशांतून त्यांनी साडेसात टक्क्यांचा दुसरा सरकारी रोखा घेतला असता तर निदान तोटा झाला नसता. वर्षाला ३५,०८५ रुपये मिळाले असते, शेवटी मुद्दल कमी आले असते, आणि दोन्ही मिळून हिशेब जागेवर राहिला असता. म्हणून विकण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच आहे की आलेला पैसा कुठे जाणार आणि तिथे आजचा परतावा किती. हा प्रश्न त्या बातमीने सुचवला नाही आणि आपल्या लेखानेही नाही.

सरकारी रोख्यात कधीच नुकसान होत नाही, असे मी म्हणत नाही. ज्याला दोन वर्षांनी मुलीच्या लग्नाला किंवा घराला पैसे लागणार आहेत, त्याने दहा वर्षांचा रोखा घेतला आणि मधे दर वाढले, तर त्याला पडत्या भावात विकावेच लागते आणि तो तोटा खराखुरा असतो. छोट्या रकमेला मधेच गिऱ्हाईक मिळणेही सोपे नसते, मिळाले तरी भाव आणखी थोडा पाडून मागतात. गिल्ट फंडाची, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडाची, गोष्ट तर वेगळीच आहे. तिथे रोखे सरकारीच असतात, पण साध्या गिल्ट फंडाला संपण्याची तारीख नसते, त्यामुळे अमुक दिवशी शंभराचे शंभर परत येतील अशी हमीही नसते. आपल्या लेखकाने रोखा आणि गिल्ट फंड एकाच वाक्यात, एकाच अर्थाने लिहिले आहेत. ज्या वाचकाने निवृत्तीचे पैसे यांपैकी कशात तरी ठेवले आहेत, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

पुढे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर उतरवले, जूनपर्यंत रेपो दर ५.५० टक्क्यांवर आला आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ६.५४ च्या खाली गेला. तेव्हा हाच रोखा शंभराच्या वर विकला जात होता. ज्या नियमाने भाव पाडला त्याच नियमाने तो वर नेला. कूपन तेच होते. ही बातमी मात्र कुठल्या पहिल्या पानावर मला दिसली नाही.

जाता जाता आणखी एक तक्रार. पूर्वी आपल्या सोमवारच्या अंकात सरकारी रोख्यांचा छोटासा तक्ता येत असे. तो कधी बंद झाला ते कळलेही नाही, आणि त्या जागी आता गृहप्रकल्पाची जाहिरात असते. जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र चालत नाही हे मान्य आहे. पण शेअरच्या भावांना अर्धे पान मिळते, तर रोख्यांना चार ओळी देता येतील. कूपन, मुदतपूर्तीची तारीख, कालचा भाव आणि मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, एवढे चार रकाने पुरेत. हे आकडे रोज जाहीर होतात, त्यासाठी वेगळा वार्ताहर लागत नाही. आणि कालच्या लेखाची दुरुस्ती छापणार असाल तर ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली